कोल्हापूरची कंपनी, बेळगावची शाखा

परराज्यात शाखा उघडायची ठरली की कंपनीचे मालक पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘कंपनी निबंधकाकडे कोणता अर्ज भरायचा?’ खरे उत्तर असे की असा अर्जच नाही. 2013 च्या कंपनी कायद्यात शाखेची व्याख्या फार थोडक्यात दिली आहे. कंपनी ज्या जागेला स्वतःची शाखा म्हणते, ती शाखा. ती उघडायला निबंधकाची परवानगी लागत नाही आणि वेगळे प्रमाणपत्रही मिळत नाही. तरीही शाखेची नोंद होते, आणि ती एका ठिकाणी न होता चार-पाच वेगवेगळ्या दप्तरांत होते. प्रत्येक दप्तराचा कायदा निराळा असतो आणि शाखेकडे पाहण्याची नजरही निराळी असते. मालकांची दमछाक होते ती या दप्तरांचा मेळ घालताना.

याचे मूळ राज्यघटनेत आहे. कंपन्यांची स्थापना, नियमन आणि विसर्जन हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. त्यामुळे पुण्याच्या निबंधकाकडे नोंदलेली कंपनी बेळगावात, सुरतेत किंवा गुवाहाटीत कायद्याने तीच एक व्यक्ती असते. अमेरिकेत तसे नाही. तिथे कंपनी राज्याच्या कायद्याखाली जन्माला येते. डेलावेअरमध्ये नोंदलेल्या कंपनीला दुसऱ्या राज्यात बस्तान बसवायचे असेल, तर त्या राज्यात ‘परकी कंपनी’ म्हणून नोंद करावी लागते आणि नोटिसा स्वीकारायला तिथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. आपल्याकडे ही पायरी नाही. पण आपली दुकाने, कामगार, व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क आणि जीएसटीचा राज्याचा वाटा हे सगळे राज्यांच्या हातात आहे. म्हणून कंपनी एकच राहते, पण तिची नोंद राज्यागणिक नव्याने करावी लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिची वर्षाची विक्री काही कोटींत आहे. धारवाड आणि हुबळीकडे गिऱ्हाईक वाढले, तेव्हा संचालकांनी बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याने गाळा घेऊन डेपो उघडायचे ठरवले.

पहिला प्रश्न असा, की तिथे नक्की काय होणार? कंपनीचा एखादा विक्री-प्रतिनिधी बेळगावात राहून फक्त ऑर्डरी घेणार असेल आणि बिल व माल दोन्ही कोल्हापूरहून जाणार असतील, तर सहसा त्या मालाच्या विक्रीसाठी कर्नाटकात जीएसटी नोंदणी लागत नाही. पण गाळ्यात माल ठेवून तिथूनच गिऱ्हाइकाला द्यायचा असेल, तर तो पुरवठा कर्नाटकातून झालेला धरला जातो, आणि कायदा म्हणतो की ज्या राज्यातून पुरवठा होतो त्या राज्यात नोंदणी हवी. इथे पुष्कळ जण फसतात. त्यांना वाटते, बेळगावची विक्री 40 लाखांवर गेली की मग बघू. पण ही मर्यादा मोजताना त्या पॅनवरची संपूर्ण देशातली विक्री धरतात. कोल्हापूरची विक्री कोटींत असल्यामुळे बेळगावला पहिल्या रुपयाच्या विक्रीपासूनच नोंदणी लागू होते, आणि तिथून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो.

कोल्हापूरच्या जीएसटी नोंदणीत बेळगावचा पत्ता ‘जादा जागा’ म्हणून घालता येत नाही. जादा जागा त्याच राज्यातली असावी लागते. कोल्हापूरच्या कंपनीने सांगलीत गोदाम घेतले, तर जुन्याच नंबरात `REG-14` या अर्जाने ती जागा 15 दिवसांत जोडायची असते. राज्याची हद्द ओलांडली की मात्र नवा नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी `REG-01` हा अर्ज नव्याने भरावा लागतो.

जीएसटीचा नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29, गोव्याचे 30. पुढची दहा अक्षरे म्हणजे कंपनीचा पॅन. म्हणून कोल्हापूर आणि बेळगावच्या नंबरांत पॅनचा भाग अक्षरशः तोच असतो, पण सुरुवात 27 ऐवजी 29 ने होते. कंपनी ज्या गाळ्याला शाखा म्हणते, तोच गाळा कर्नाटकच्या नोंदणीत कंपनीची ‘मुख्य जागा’ म्हणून नोंदला जातो, कारण त्या राज्यात कंपनीची दुसरी जागाच नसते. पुढे हुबळीला गोदाम घेतले, तर ते याच 29 च्या नंबरात जादा जागा म्हणून जोडले जाईल.

अर्जातली बहुतेक माहिती कंपनीकडे तयार असते. पॅन, निगमन प्रमाणपत्र, संचालकांचे तपशील आणि सही करण्याचा अधिकार कोणाला दिला त्याचा संचालक मंडळाचा ठराव. खरी अडचण जागेच्या कागदांवर येते. स्वतःच्या जागेसाठी वीजबिल किंवा घरपट्टीची पावती चालते. भाड्याच्या जागेसाठी भाडेकरारही लागतो, आणि जागामालकाच्या मालकीचा पुरावा म्हणून तेच वीजबिल किंवा तीच पावती जोडतात. वीजबिल जागामालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावे असते, करारात गाळा क्रमांक असतो आणि बिलावर जुना सर्व्हे नंबर. अधिकाऱ्याला दोन्ही कागद एकाच जागेचे आहेत हे दिसत नाही आणि तो `REG-03` या नोटिशीने खुलासा मागतो. त्याला 7 कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिले नाही, तर अर्ज फेटाळला जातो. जागामालकाकडून दोन्ही क्रमांक एकाच गाळ्याचे असल्याचे आणि वारसाहक्काने जागा आपल्याकडे आल्याचे पत्र अर्जाआधीच घेतले, तर हे सगळे टळते. भाडेकराराबाबत आणखी एक सावधगिरी घ्यायला हवी. जागा कर्नाटकातली आहे, तेव्हा मुद्रांक शुल्कही कर्नाटकाचेच भरायचे. घाईत कोल्हापुरातल्या मुद्रांकावर करार करून आणला की तो तिथे अडचणीचा ठरतो.

कागद बरोबर असतील आणि आधारची ओळख पटली असेल, तर 7 कामकाजाच्या दिवसांत नंबर मिळायला हवा. अर्ज जोखमीचा वाटला, तर अधिकारी जागेवर येऊन पाहतो, फोटो काढतो, आणि ही मुदत 30 दिवसांपर्यंत जाते. तो आला तेव्हा गाळ्याला कुलूप असेल आणि बाहेर कंपनीची पाटीही नसेल, तर ‘जागा अस्तित्वात नाही’ असा शेरा पडू शकतो. म्हणून पाटी आधी लावावी.

आणि पाटी हा वाटतो तितका किरकोळ विषय नाही. कंपनी कायद्याच्या 12 व्या कलमानुसार कंपनी जिथे जिथे व्यवसाय करते, त्या प्रत्येक जागेबाहेर तिचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ठळक अक्षरांत लावावा लागतो, आणि त्या भागात दुसरी लिपी प्रचलित असेल, तर त्या लिपीतही. कर्नाटकाने 2024 मध्ये आपल्या भाषाविषयक कायद्यात दुरुस्ती करून पाटीवरचा किमान 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा असे बंधन घातले. जीएसटीच्या नियमांनुसार प्रवेशाजवळच्या पाटीवर जीएसटी नंबर हवा आणि प्रमाणपत्र आत दिसेल असे लावलेले हवे. म्हणजे एकाच पाटीवर तीन कायदे येऊन बसतात. महाराष्ट्रात मराठी पाट्यांचा आग्रह धरणाऱ्या आपल्याला कन्नड पाटी जड वाटू नये, असे मला मनापासून वाटते. शिवाय पाटीवरून झालेला दंड भरण्यापेक्षा चांगल्या कन्नड रंगाऱ्याला बोलावणे स्वस्त पडते.

बिलबुकाचेही असेच आहे. बेळगावच्या बिलावर बेळगावचा पत्ता आणि 29 चा नंबर असतो. पण कंपनीच्या कागदांवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि कंपनीचा 21 अक्षरी ओळख क्रमांकही छापावा लागतो. म्हणून बिलावर वरच्या बाजूला बेळगाव आणि तळाला कोल्हापूर असे दोन पत्ते दिसले, तर ते बरोबरच आहे. फक्त बेळगाव छापणाऱ्या कंपन्या नकळत कंपनी कायदा मोडतात.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या नोंदण्यांना जीएसटी कायदा ‘भिन्न व्यक्ती’ मानतो. कोल्हापूरने बेळगावला माल पाठवला की तो आपल्याच घरातला माल असला तरी कराच्या दृष्टीने पुरवठा होतो, जरी बेळगावने कोल्हापूरला एक पैसा दिला नसला तरीही. चलनावर माल पाठवून भागत नाही. करासहित बिल करावे लागते आणि 50,000 रुपयांवर मूल्य गेले की ई-वे बिलही.

आकड्यांतच पाहू. कोल्हापूरने 5 लाखांचे सुटे भाग बेळगावला पाठवले. त्यावर 18 टक्के दराने आंतरराज्य जीएसटी 90,000 रुपये होतो. तो कोल्हापूरने आपल्या विवरणात भरायचा, आणि बेळगावच्या खात्यात तेवढेच क्रेडिट जमा होते. बेळगावने तो माल धारवाडच्या विक्रेत्याला 6 लाखांना विकला. विक्री कर्नाटकातल्या कर्नाटकात झाल्यामुळे केंद्राचा कर 54,000 आणि राज्याचा 54,000, मिळून 1,08,000 रुपये लागतो. त्यातून 90,000 चे क्रेडिट वजा जाते आणि 18,000 रुपये रोखीने भरावे लागतात. शेवटी कंपनीवर बोजा तेवढाच पडतो, पण कोल्हापुरात माल निघाला त्या महिन्यातच 90,000 ची तजवीज करावी लागते. माल बेळगावच्या रॅकवर चार महिने पडून राहिला, तर तेवढे पैसे क्रेडिटमध्ये अडकून पडतात. लहान कारखानदारांना हा धक्का फार बसतो. डेपोत किती दिवसांचा साठा ठेवायचा, हे ठरवताना कराची रक्कमही धरावी.

बिलात किंमत किती लावायची, हा पुढचा प्रश्न. बेळगावला पूर्ण क्रेडिट मिळत असेल, तर बिलात लावलेली किंमतच बाजारभाव मानली जाईल, असे जीएसटी नियमांत स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे आपल्या या कंपनीला किमतीवरून वाद होण्याची भीती फारशी नाही.

कंपनीच्या हिशेबात मात्र कोल्हापूर-बेळगाव व्यवहार विक्री म्हणून दिसत नाही, कारण कंपनीने माल स्वतःलाच दिलेला असतो. आपल्या उदाहरणात जीएसटी विवरणांत दोन्ही नंबरांची मिळून विक्री 11 लाख दिसते आणि ताळेबंदात फक्त 6 लाख. वर्षअखेरीस हा फरक समजावून सांगावा लागतो. विक्री 5 कोटींवर असेल, तर `GSTR-9C` या मेळपत्रकात अशा शाखांतर्गत पुरवठ्याची स्वतंत्र ओळ असते. ती ओळ रिकामी ठेवणाऱ्या कंपनीकडे पुढे ‘विक्री लपवली का’ अशी विचारणा होते. शाखांतर्गत बिलांसाठी हिशेबात पहिल्या दिवसापासून वेगळे खाते ठेवले, तर हा आकडा एका मिनिटात सापडतो.

नोंदणी न करण्याचा तोटाही आकड्यांत मोठा आहे. गाळ्याचे भाडे महिना 40,000 आहे आणि जागामालक जीएसटीत आहे असे धरू. तो 7,200 रुपये कर लावेल, आणि जागा कर्नाटकात असल्यामुळे तो कर्नाटकाचाच कर असेल. कोल्हापूरच्या नंबरावर त्याचे क्रेडिट मिळत नाही. वर्षाला 86,400 रुपये असेच बुडतात. त्याहून गंभीर म्हणजे, नोंद नसलेल्या जागेत साठवलेला माल तपासणीत सापडला, तर तो जप्त होऊ शकतो आणि त्यावर कर व दंड दोन्ही येतात.

जे खर्च दोन्ही नोंदण्यांसाठी मिळून होतात, त्यांची वाट आणखी वेगळी आहे. लेखापरीक्षकाचे 2 लाखांचे बिल कोल्हापूरला येते, कर 36,000. काम मात्र दोन्ही ठिकाणांचे झालेले असते. 1 एप्रिल 2025 पासून अशा सामाईक सेवांचे क्रेडिट वाटण्यासाठी मुख्य कार्यालयाने ‘इनपुट सेवा वितरक’ अशी तिसरी नोंदणी घेणे बंधनकारक झाले. हा वितरक विक्रीच्या प्रमाणात क्रेडिट वाटतो. विक्री 80 टक्के महाराष्ट्रातून आणि 20 टक्के कर्नाटकातून असेल, तर 28,800 कोल्हापूरला आणि 7,200 बेळगावला. रक्कम लहान आहे म्हणून पुष्कळ जण सगळे क्रेडिट मुख्य कार्यालयातच घेत राहतात. ती सवय आता मोडायला हवी, कारण चुकीच्या ठिकाणी घेतलेले क्रेडिट व्याजासह परत मागता येते.

जीएसटीखेरीज कर्नाटकाच्या आणखी दोन दप्तरांत नाव लागते. 1961 च्या कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याखाली काम सुरू झाल्यापासून 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. आपल्याकडे ज्याला ‘शॉप ॲक्ट’ म्हणतात, त्याचाच हा तिथला भाऊ. पण कोल्हापूरचे शॉप ॲक्ट लायसन्स बेळगावला चालत नाही. दुसरे दप्तर व्यवसाय कराचे. घटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये ठेवली आहे, पण पगाराचे टप्पे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. बेळगावच्या कर्मचाऱ्याचा कर कर्नाटकाच्या दराने कापून कर्नाटकालाच भरायचा. कोल्हापूरच्या पगारपत्रकात सगळ्यांची नावे एकत्र असल्यामुळे तो महाराष्ट्राकडे जातो, ही नेहमी होणारी चूक आहे. दिल्ली आणि हरियाणात तर हा करच नाही. भविष्य निर्वाह निधीचे मात्र उलट आहे. तिथे शाखा हा मूळ आस्थापनेचाच भाग मानतात, त्यामुळे कोल्हापूरच्याच कोडवर बेळगावच्या माणसांचा निधी भरता येतो.

हिशेबाची पुस्तके कुठे ठेवायची, याचीही सोय कंपनी कायद्याने केली आहे. शाखेची पुस्तके शाखेत राहू शकतात, अट एवढीच की त्यांचा सारांश ठरावीक काळाने नोंदणीकृत कार्यालयात पोचला पाहिजे. शाखेचे लेखापरीक्षण कंपनीचाच लेखापरीक्षक करू शकतो, किंवा दुसरा पात्र लेखापरीक्षक करून त्याचा अहवाल त्याच्याकडे देतो.

न्यायालयातही शाखा दिसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 20 व्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार कंपनीचे दुय्यम कार्यालय जिथे आहे आणि वादाचे कारण तिथेच घडले आहे, तिथे कंपनीवर दावा लावता येतो. बेळगावच्या व्यवहारावरून तिथल्या गिऱ्हाइकाने बेळगावातच दावा केला, तर ‘आमचे कार्यालय कोल्हापुरात आहे’ हे उत्तर चालणार नाही.

शाखा बंद करताना कंपन्या सर्वांत जास्त पैसे घालवतात, असा माझा अनुभव आहे. व्यवसाय थांबल्यापासून 30 दिवसांत `REG-16` हा रद्द करण्याचा अर्ज करायचा आणि त्यानंतर तीन महिन्यांत अंतिम विवरण भरायचे. बंद होण्याच्या आदल्या दिवशी जो साठा हाती असेल, त्यावरचे क्रेडिट परत करावे लागते. आणि बेळगावच्या खात्यात शिल्लक राहिलेले क्रेडिट कोल्हापूरच्या खात्यात वर्ग करता येत नाही, दोन्ही पॅन एकच असले तरी. म्हणून अर्जाआधी शिल्लक माल कोल्हापूरला रीतसर बिलाने परत पाठवावा. 3 लाखांचा माल असेल, तर त्यावरचे 54,000 रुपये बेळगावच्या क्रेडिटमधून भरले जातात आणि तेवढेच क्रेडिट कोल्हापूरला मिळते. या क्रमाने गेलेल्या कंपनीचे पैसे वाचतात, आणि आधी नोंदणी रद्द करून मग माल ट्रकमध्ये भरणाऱ्या कंपनीचे जातात. त्यानंतर शॉप ॲक्ट आणि व्यवसाय कराच्या नोंदी रद्द करायच्या. त्या राहून गेल्या, तर बंद गाळ्याच्या नावाने विवरण न भरल्याच्या नोटिसा येत राहतात, त्याही बेळगावच्या जुन्या पत्त्यावर, जिथे त्या उघडायला कोणी नसते.